नात्यातला टँकर

साबणाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली म्हणजे माझ्या अंगाला सुगंध येत असेल, असं लोकांना वाटतं. येतोय कसला! अंगाला चरबीचा वास येतो, केसांना कॉस्टिक सोड्याचा, आणि गुडघे नुसते दुखतात. मी प्रयोगशाळेची प्रमुख आहे. प्रमुख म्हणजे हाताखाली दोन माणसं आणि डोक्यावर सात. निवृत्तीला पाच महिने उरलेत आणि खरं सांगायचं तर त्यातलेही चार मी मनाने आधीच काढून टाकलेत.

आमचं काम सोपं आहे. चरबीचा टँकर गेटवर येतो, आम्ही नमुना काढतो, तपासतो, आणि पास की नापास ते सांगतो. तोवर ड्रायव्हर टँकरच्या सावलीत चटई टाकून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतो. तपासण्या पुष्कळ, पण खरी मेख एका आकड्यात असते. त्याला आम्ही टायटर म्हणतो. चरबीतली आम्लं वेगळी काढायची, वितळवायची, नळीत भरून हळूहळू थंड होऊ द्यायची, आणि ती कितीला गोठतात ते पाहायचं. आकडा मोठा तर चरबी कडक आणि वडी घट्ट. आकडा लहान असला की वडी दोन दिवसांत साबणदाणीत लिबलिबीत होऊन बसते. आमच्याकडे बेचाळीसच्या खाली आलेला टँकर आल्या वाटेने परत जातो.

आणि यंदा परत गेलेले दोन्ही टँकर माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरचे होते.

ताईच्या नवऱ्याची, म्हणजे भावोजींची, चरबी गाळायची छोटी भट्टी आहे. इतकी वर्षं ते लहानसहान साबणवाल्यांना माल द्यायचे. यंदा आमच्या कंपनीने नवे पुरवठादार घ्यायचे ठरवले, भावोजींनी अर्ज केला आणि त्यांचं नाव लागलं. मी कुणाकडे शब्द टाकला नव्हता, हे आधी सांगते. उलट नाव लागलं त्याच दिवशी मी खरेदी खात्याच्या साहेबांना लिहून दिलं की हे माझे नातेवाईक आहेत, यांच्या नमुन्याला मी हात लावणार नाही, आकडेही बघणार नाही, सगळं मास्तर करतील. साहेब म्हणाले, "इतकं कशाला?" मी म्हटलं, "उद्या चारचौघं बोलायला नकोत." तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं मला.

मास्तर म्हणजे आमचे रसायनतज्ज्ञ. आठ महिन्यांपूर्वी आले. त्याआधी एकोणीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेतल्या तुकड्या घटल्या, तसे इकडे आले. माणूस सज्जन, अक्षर मोत्यासारखं, आणि कुठलीही गोष्ट सांगताना आधी व्याख्या. चहा गार झाला तरी कारण सांगतील. मी त्यांना टायटरच्या पद्धतीचा कागद दिला होता आणि म्हटलं होतं, "नीट वाचून घ्या." शेजारी उभं राहून एकदा करून दाखवायला हवं होतं. पण त्या आठवड्यात गुडघ्यांनी उच्छाद मांडला होता, आणि शिकवणाऱ्या माणसाला काय शिकवायचं, असंही वाटलं.

नव्या पुरवठादाराला तीन टँकरांची संधी असते. तिन्ही नापास झाले तर नाव कायमचं कटतं. भावोजींचा पहिला टँकर चाळीस पूर्णांक सातवर नापास झाला. दुसरा एकेचाळीस पूर्णांक एकवर. दुसऱ्यानंतर ताईचा फोन आला.

"बारके, तुझ्या हाताखालून गेला ना हा टँकर?"

"नाही गं. मी बघतच नाही तुमचं. लिहून दिलंय."

"लिहून दिलंयस," ती म्हणाली. आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. भाच्याकडून कळत होतं तेवढंच. भावोजींनी एक कढई बंद केली. भट्टीवर बावीस वर्षं असलेल्या माणसावर त्यांचा संशय गेला, की हाच चरबी लांबवून तिच्या जागी स्वस्त तेल मिसळतो, म्हणून माल मऊ होतो. बाचाबाची झाली आणि त्याला काढून टाकलं. आता कढईशी ताई स्वतः उभी राहते, सत्तावन्नाव्या वर्षी. मला कळत होतं आणि मी काही करत नव्हते. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला सांगणार?

तिसरा टँकर मंगळवारी सकाळी आला. दुपारी दोनच्या सुमारास मास्तर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. चेहरा पडलेला.

"मॅडम, चाळीस पूर्णांक नऊ."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "मग नापास."

"हो. पण तिसऱ्यांदा नापास म्हणजे नाव कटणार, तर खरेदीसाहेबांना दर अर्ध्या मिनिटाचे आकडे आणि आलेख जोडून हवाय. मी काढलाय." त्यांनी कागद पुढे धरला आणि लगेच मागे घेतला. "तुम्ही बघायचं नाही ना."

एकतीस वर्षांची माझी एक सवय आहे. नापास झालेला नमुना मी स्वतः पुन्हा तपासल्याशिवाय शिक्का मारत नाही. परत पाठवलेल्या टँकरमागे कुणाचं तरी घर असतं, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मास्तर आल्यापासून दुसऱ्या कुणाचा टँकर नापास झालाच नव्हता, म्हणून त्यांच्या हातचा एकही नमुना मी फिरून तपासला नव्हता. आणि हे तीन तर माझ्यासाठी जणू सोवळ्यातले.

"मास्तर, आलेख छान काढला असणार तुम्ही," मी म्हटलं, उगाच काहीतरी बोलायचं म्हणून.

"रेघ अगदी नितळ आली आहे. पंचावन्नपासून खाली खाली येते आणि चाळीस पूर्णांक नऊला थांबते."

"थांबते म्हणजे? पुढे सपाटी किती वेळ आहे?"

"पुढे काही नाही. तीस सेकंद पारा थांबला, तो आकडा लिहिला, नळी काढली."

नियम, सही, सगळं विसरून मी हात पुढे केला. "आणा इकडे तो कागद."

रेघ खरंच नितळ होती. डोंगरावरून उतरावी तशी उतरत आलेली आणि शेवटी एका ठिपक्यावर तुटलेली. मी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा शेवट नाहीये हो," मी म्हटलं. "ही तर आलेखाची सुरुवात आहे!"

मास्तरांना कळेना. त्यांचा तरी काय दोष? शाळेच्या पुस्तकातला आलेख त्यांनी एकोणीस वर्षं फळ्यावर काढला होता. द्रव थंड होतो, रेघ उतरते. गोठायला लागला की रेघ आडवी होते, कारण गोठताना द्रव आपल्यातला अप्रकट उष्मा बाहेर टाकतो आणि तो बाहेर जाणाऱ्या उष्णतेची भरपाई करत राहतो. सगळं गोठून झालं की रेघ पुन्हा उतरायला लागते. उतार, सपाटी, उतार. परीक्षेला येतं ते एवढंच. पण नळीतला द्रव पुस्तक वाचून गोठत नाही. गोठायला पहिला स्फटिक कुठेतरी धरावा लागतो, आणि तो धरेपर्यंत द्रव गोठणबिंदूच्या खाली घसरत जातो, तरी द्रवच राहतो. अतिशीतन म्हणतात त्याला. मग एकदा स्फटिक धरला की पटापट धरायला लागतात. आत दडलेली उष्णता सुटते, पारा खाली जायचा थांबतो, घटकाभर तसाच राहतो आणि वर चढायला लागतो. चढून जिथे टेकतो तो खरा आकडा. पद्धतीच्या कागदावर लिहिलंय की पारा तीस सेकंद स्थिर राहिला किंवा चढू लागला की ढवळणं थांबवा, ढवळणी वर घ्या, आणि त्यानंतर पारा जास्तीत जास्त किती चढतो ते नोंदवा. मास्तरांनी अर्धं वाक्य केलं होतं.

"म्हणजे मी खड्ड्याच्या तळाचा आकडा लिहीत होतो?" ते हळूच म्हणाले.

"सगळ्यांचा. आठ महिने."

"पण बाकीचे तर पास होत होते."

"त्यांचा माल कडक आहे. सेहेचाळीसवाल्याचा तुम्ही चव्वेचाळीस लिहिलात तरी तो बेचाळीसच्या वरच राहतो. कुणाच्या बापाला शंका येणार? काठावरचा माल भावोजींचा एकट्याचा."

मास्तर स्टुलावर बसले. मला त्यांचा इतका राग आला होता की बोलले असते तर वाईट बोलले असते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं होतं, आणि फाशीच्या कागदावर माझ्या प्रयोगशाळेचा शिक्का होता.

तडक उठून मी स्वतः तपासणी लावू शकले असते. हात शिवशिवत होते. पण मी केलेला आकडा कोण मानणार? 'मेहुणीने पास करून घेतला' हेच झालं असतं. म्हणून खरेदीसाहेबांना फोन लावला आणि म्हटलं, खाली या, अर्धा तास लागेल. ते कुरकुरत आले. मी सांगितलं, मास्तर ढवळतील, तुम्ही दर अर्ध्या मिनिटाला पारा वाचून मोठ्याने बोला, मी फक्त लिहिणार. आकडा माझ्या तोंडून येणार नाही.

"मॅडम, मला काय कळतं यातलं?"

"आकडे वाचता येतात ना? मग झालं."

सकाळची आम्लं चंचुपात्रात उरली होती. मास्तरांनी ती पुन्हा वितळवली. पूर्ण वितळून नितळ होईपर्यंत मी त्यांना थांबवलं, कारण कोपऱ्यात न वितळलेला कण राहिला तर तोच पहिला स्फटिक होऊन बसतो आणि सगळंच मुसळ केरात. नळी भरली, नळी बाटलीत बसवली म्हणजे भोवती हवेचा थर राहतो, आणि बाटली वीस अंशांच्या पाण्यात. तापमापी मध्ये, ढवळणी खाली-वर, खाली-वर.

"पंचावन्न," खरेदीसाहेब म्हणाले. "बावन्न पूर्णांक चार. पन्नास."

मी लिहीत होते. कागद कोपराने दाबून धरला होता.

"अठ्ठेचाळीस. सेहेचाळीस पूर्णांक दोन. चव्वेचाळीस पूर्णांक सहा. त्रेचाळीस पूर्णांक तीन. बेचाळीस पूर्णांक दोन." ते थांबले. "एकेचाळीस पूर्णांक चार. गेला की हो खाली, मॅडम."

"वाचत राहा."

"एकेचाळीस. एकेचाळीस पूर्णांक शून्यच."

नळीत धूसर ढग दिसायला लागला होता. मास्तरांनी सवयीने डावा हात वर केला, वर्गात 'पेन खाली' म्हणताना करत असतील तसा.

"ढवळणी वर घ्या," मी म्हटलं, "आणि कुणी टेबलाला धक्का लावू नका."

त्या अर्ध्या मिनिटात मला एवढंच वाटत होतं, की नाही चढला तर? खरंच माल मऊ असला तर? मग ताईसमोर तोंड दाखवायला जागा तर नाहीच, वर साहेबांना खाली बोलावून तमाशा केल्याचं श्रेय. हात दाखवून अवलक्षण.

"एकेचाळीस पूर्णांक तीन," खरेदीसाहेब म्हणाले. मग तापमापीजवळ नाक नेऊन, "अहो, चढतोय! खाली गार पाणी, आणि हा चढतोय! एकेचाळीस पूर्णांक नऊ."

मास्तरांच्या तोंडातून "अप्रकट उष्मा" एवढेच शब्द आले. त्यांचे डोळे भरले होते.

"बेचाळीस पूर्णांक तीन. बेचाळीस पूर्णांक पाच. पूर्णांक सहा. सहा. सहाच आहे."

नळी आता पांढरी पडली होती. शुद्ध पदार्थ असता तर पारा तिथे बराच वेळ ठाण मांडून बसला असता. ही दहा आम्लांची मिसळण, त्यामुळे सपाटी तोकडी आणि किंचित कललेली. दोन मिनिटांनी पूर्णांक पाच झाला, मग चार, आणि पुन्हा उतार लागला. सगळ्यात वरचा आकडा मी गोल करून ठेवला. बेचाळीस पूर्णांक सहा.

"पास?" खरेदीसाहेबांनी विचारलं.

"पास."

"मग आधीचे दोन?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारायचा टाळत होते. आलेल्या प्रत्येक टँकरचा नमुना आम्ही वर्षभर बंद बरणीत ठेवतो. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्या दोन बरण्या काढल्या, आम्लं केली, आणि तशीच तपासणी साहेबांसमोर झाली. पहिला बेचाळीस पूर्णांक तीन, दुसरा बेचाळीस पूर्णांक आठ. दोन्ही पास. मी कागद लिहिला की दोन्ही टँकर प्रयोगशाळेच्या चुकीने परत गेले, पद्धत शिकवून देण्याची जबाबदारी माझी होती, आणि मी ती पार पाडली नाही. मास्तर म्हणाले, "माझं नाव घाला मॅडम, चूक माझी आहे." मी म्हटलं, "तुमची चूक अर्ध्या वाक्याची आहे. माझी अख्ख्या कागदाची." त्यांना काय कळलं देव जाणे. ते गेले आणि नळ्या घासायला लागले.

संध्याकाळी पाचला मी ताईकडे गेले. ती नुकतीच भट्टीवरून आली होती, केसाला फडकं बांधलेलं, मनगटावर भाजल्याचा डाग. भावोजी आतल्या खोलीत रेडिओ लावून बसले होते. मला बघून तिने दार उघडं ठेवलं, पण ये म्हणाली नाही. मी आपली गेले आणि बसले.

सगळं सांगितलं. पारा खाली जातो, मग चढतो, आम्ही तळाचा आकडा धरत होतो, तुमचे तिन्ही टँकर चांगले होते. कंपनी भावोजींचं नाव ठेवणार आहे, उद्या पत्र येईल. मी पटपट बोलत होते, मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. रेडिओ बंद झाला होता.

ताईने फडकं सोडलं, घडी घातली.

"मला एक सांग. दुसऱ्या कुणाचा टँकर असा नापास झाला असता, तर तू काय केलं असतंस?"

"मी स्वतः पुन्हा तपासला असता."

"आणि तुला पहिल्याच दिवशी कळलं असतं."

"हो."

"म्हणजे परक्याचा असता तर बघितला असतास."

मला तिचे पाय धरावेसे वाटले. रडायला आलं आणि मी रडले, लपवलं नाही. "ताई, लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून केलं गं मी."

"माहितीये. तुला कुणी नावं ठेवली नाहीत." तिचा आवाज चढला नव्हता. नुसता दमलेला होता. "नावं भट्टीवरच्या त्या माणसाला ठेवली आम्ही. बावीस वर्षं आमच्याकडे राबलेल्या माणसाला, त्याच्या बायकोसमोर चोर म्हणाले हे. तो परवा बाजारात दिसला तर मी रस्ता बदलला."

आतून भावोजी खाकरले, पण बाहेर आले नाहीत.

ताईने फोन घेतला, त्या माणसाचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "मी नाही बोलणार. ह्यांना तर तोंडच नाही. तू बोल."

तिकडे फोन उचलला गेला. मागे भांड्यांचा आवाज होता.

"कोण?"

"मी ताईंची धाकटी बहीण. साबण कारखान्यात प्रयोगशाळेत असते." "तुमचा माल नापास झाला होता ना, तो आमच्या चुकीने. मोजणी आम्ही चुकीची केली. माल चांगला होता. तुम्ही त्यात काही मिसळलं नव्हतं."

मागचा भांड्यांचा आवाज थांबला.

"मी मिसळलं नव्हतं, हे मला माहीत होतं बाई," तो म्हणाला. "हे तुम्ही माझ्या बायकोला सांगा. तिला देतो फोन."